जोडचित्र छपाईला देताना

वेगवेगळ्या छायाचित्रांतले तुकडे कापून, एकमेकांवर बसवून जे एकसंध चित्र तयार होते त्याला कॉम्पोझिट किंवा जोडचित्र म्हणतात. पुस्तकांची मुखपृष्ठे, चित्रपटांची पोस्टरे, जाहिराती यांतली बरीच चित्रे अशीच तयार होतात. पडद्यावर असे चित्र पूर्ण झाल्यासारखे दिसते तेव्हा काम अर्धेच झालेले असते. एरवीचे छायाचित्र एका कॅमेऱ्याने, एका क्षणी, एकाच प्रकाशात टिपलेले असते. त्याची तीक्ष्णता, त्याचे दाणे आणि त्याचे रंग एका घरचे असतात. जोडचित्रातला प्रत्येक तुकडा मात्र स्वतःचे पिक्सेल, स्वतःची धार आणि स्वतःची रंगांची भाषा घेऊन येतो. पडद्यावर हे फरक झाकले जातात, कागदावर ते उघडे पडतात. म्हणून जोडचित्र छपाईला देण्याच्या तयारीत तुकड्यांमधले हे फरक आधी मिटवावे लागतात आणि मगच संपूर्ण चित्र कागदाच्या मापाला व शाईच्या मर्यादेला बसवावे लागते.

उदाहरणासाठी दिवाळी अंकाचे एक मुखपृष्ठ घेता येईल. मागे जुन्या वाड्याचा दरवाजा आणि त्यावर संध्याकाळनंतरचे गडद निळे आकाश, पुढे हातात पणती घेतलेली मुलगी, आणि वर कोपऱ्यात पेटलेला नारिंगी आकाशकंदील. वाड्याचे चित्र चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने उभे टिपलेले आहे, म्हणजे 4000 रुंद आणि 6000 उंच पिक्सेलचे. मुलीचे छायाचित्र फोनवर काढलेले आहे. आकाशकंदील कुणीतरी पूर्वी पाठवलेल्या एका लहान फाइलमधून कापून घेतलेला आहे. अंक ए-फोर आकाराचा, मुखपृष्ठ आर्ट कार्डवर, ऑफसेट यंत्रावर चार रंगांत छापायचे आहे.

पहिला प्रश्न मापाचा. ए-फोर पान 210 बाय 297 मिलिमीटरचे असते. कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंनी 3 मिलिमीटर चित्र जास्त ठेवतात, त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे चित्र 216 बाय 303 मिलिमीटरचे हवे. एका इंचात 300 पिक्सेल या हिशेबाने ते 2551 बाय 3579 पिक्सेलचे होते.

हा 300 चा आकडा छापखान्यात मंत्रासारखा उच्चारला जातो, पण त्यामागे साधे कारण आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. हातात धरलेला अंक डोळ्यांपासून सुमारे 30 सेंटिमीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर हा कोन 0.09 मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि असे सुमारे 290 बिंदू एका इंचात मावतात. दुसरे कारण यंत्राकडचे आहे. ऑफसेट छपाईत चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीतून उतरते. आर्ट पेपरवर ही जाळी साधारणपणे इंचाला 150 ते 175 ओळींची असते. एका ठिपक्यासाठी दीड ते दोन पिक्सेल मिळाले की जाळीचे भागते. दोन्ही हिशेब 300 च्या जवळ येतात. हेच मुखपृष्ठ पुस्तक प्रदर्शनात मोठ्या फ्लेक्सवर लावायचे आणि लोक ते दहा फुटांवरून पाहणार असतील, तर इंचाला तीस-चाळीस पिक्सेलही पुरतात. रिझोल्यूशनचा आकडा पाहणाऱ्याच्या अंतराशी बांधलेला आहे हे लक्षात घेतले, तर उगाच अवजड फाइली करण्याची सवय सुटते.

जोडचित्रात खरी फसगत इथेच होते. फाइल उघडली आणि `Image Size` पाहिले, तर तिथे 300 हा आकडा दिसतो आणि काम करणारा निश्चिंत होतो. पण तो आकडा कॅनव्हासचा असतो, त्यावर बसवलेल्या तुकड्यांचा नव्हे. वाड्याच्या चित्राचे 4000 पिक्सेल साडेआठ इंच रुंदीत पसरले, म्हणजे इंचाला सुमारे 470 पिक्सेल मिळाले. ते गरजेपेक्षा जास्तच आहेत. फोनच्या चित्रात मुलगी डोक्यापासून पायापर्यंत 1400 पिक्सेल उंच आहे आणि पानावर ती 15 सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे सहा इंचांची आहे. तिला इंचाला 237 पिक्सेल मिळतात. आदर्श नसले तरी हे चालते. आकाशकंदील मात्र मूळ फाइलमध्ये 400 पिक्सेल रुंद होता आणि पानावर तो 9 सेंटिमीटर रुंद ताणला आहे. त्याचे खरे रिझोल्यूशन इंचाला 113 पिक्सेल भरते. पडद्यावर पूर्ण पान एका नजरेत पाहिले तर तो छान दिसतो, छापल्यावर मात्र त्याच्या कागदी झिरमिळ्या धुरकट होतील. शेजारच्या वाड्याच्या लाकडावरची नक्षी स्पष्ट असल्यामुळे तो धूसरपणा आणखीच डोळ्यांत भरेल.

हे आधी ओळखण्याची सोपी खूण आहे. तुकडा स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ठेवलेला असेल, तर `Free Transform` घेतल्यावर वरच्या पट्टीत त्याच्या मूळ मापाच्या तुलनेतली टक्केवारी दिसते. 300 च्या कॅनव्हासवर 100 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर काहीच अडचण नाही. 130 टक्क्यांपर्यंत सहसा निभते. आकाशकंदिलाजवळ 265 टक्के दिसेल. तुकडा स्मार्ट ऑब्जेक्ट न करता थेट चिकटवून लहान-मोठा केलेला असेल, तर ही माहिती कायमची पुसली जाते. एकदा लहान करून पुन्हा मोठा केलेला तुकडा तर मूळ तपशील गमावून बसलेला असतो. म्हणून जोडचित्राच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक तुकडा स्मार्ट ऑब्जेक्ट ठेवण्याची शिस्त पुढे फार कामी येते.

265 टक्क्यांवर ताणलेल्या तुकड्याचे काय करावे? सॉफ्टवेअर नवे पिक्सेल भरते, पण ते आसपासच्या पिक्सेलांवरून केलेले अंदाज असतात. कंदिलाच्या कागदाची सुरकुती किंवा काठीची गाठ त्यातून परत येत नाही. तो 9 ऐवजी साडेचार सेंटिमीटरचा केला तर 226 पर्यंत जातो, पण मग चित्राची रचनाच बदलते. तो मागे, अंधुक ठेवायचा असेल तर धूसरपणा खपून जातो. तो पानावरचा मुख्य प्रकाश असेल, तर नवे छायाचित्र काढणे हाच प्रामाणिक मार्ग होय. कंदील कोणत्याही घरात तासाभरात टांगता येतो. तीन तास सॉफ्टवेअरशी झुंजण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

रिझोल्यूशनला लागूनच दाण्यांचा प्रश्न येतो. कमी प्रकाशात काढलेल्या फोनच्या चित्रात दाणे असतात, आणि ते चित्र मोठे केले की दाणेही मोठे होतात. वाड्याचे चित्र 470 वरून 300 वर आणताना त्यातले दाणे मात्र विरून जातात. आकाश जर सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंटने रंगवलेले असेल, तर त्यात दाणा मुळीच नसतो. तीन जागी तीन पोत. वाचकाला नेमके काय खटकते ते सांगता येणार नाही, पण मुलगी चिकटवल्यासारखी आहे हे त्याला जाणवेल. उपाय असा की सर्व तुकड्यांवर एक मधल्या करड्या रंगाचा लेअर `Overlay` या मिश्रणपद्धतीत ठेवावा आणि छपाईच्या अंतिम मापावर त्यात अगदी हलका एकरंगी दाणा घालावा. हा दाणा दुसरेही एक काम करतो. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्या असतात. आकाश 20 सेंटिमीटरमध्ये 20 या मूल्यापासून 60 पर्यंत उजळत असेल, तर त्याला चाळीसच पायऱ्या मिळतात आणि एकेक पायरी पाच मिलिमीटर रुंद होते. गडद आकाशात असे पट्टे छापून आले की ते लपत नाहीत. काम पहिल्यापासून सोळा बिटमध्ये केले आणि शेवटी हलका दाणा दिला, तर पायऱ्यांच्या कडा मोडतात आणि आकाश सलग दिसते.

आता शार्पनिंग. या शब्दामुळे अस्पष्ट चित्र स्पष्ट करण्याची जादू असा समज होतो, तो चुकीचा आहे. शार्पनिंगने तपशील वाढत नाही. जिथे गडद आणि उजळ भाग भेटतात त्या कडेवर गडद बाजू थोडी अधिक गडद आणि उजळ बाजू थोडी अधिक उजळ केली जाते, आणि डोळ्याला कड धारदार वाटते. `Unsharp Mask` या आज्ञेचे नाव डार्करूममधून आले आहे. तिथे निगेटिव्हवर तिचीच धूसर, उलटी प्रत ठेवून छपाई करत आणि कडा उठून येत. मुद्दाम धूसर केलेल्या त्या मास्कवरून नाव पडले. आज्ञेत तीन आकडे असतात. कडेवरचा फरक किती वाढवायचा ते `Amount` ठरवते, वाढलेली झालर किती रुंद असावी ते `Radius`, आणि किती कमी फरकाच्या जागांना हात लावायचा नाही ते `Threshold`.

छपाईत शार्पनिंग लागतेच, कारण कागद चित्राला मऊ करतो. शाईचा ठिपका कागदावर दाबला जातो आणि थोडा पसरतो. प्लेटवर 50 टक्के असलेला ठिपका चांगल्या आर्ट पेपरवरही छापल्यावर 65 टक्क्यांच्या आसपास मोजला जातो. मॅपलिथोसारख्या शाई शोषणाऱ्या कागदावर त्याहून जास्त. जाळीचे ठिपकेही बारीक कड पायऱ्यांमध्ये तोडतात. ही घट भरून काढण्यापुरतेच छपाईचे शार्पनिंग असते.

लेखक ब्रूस फ्रेझर यांनी शार्पनिंगचे तीन टप्पे केले आणि ते आजही व्यवसायात मानले जातात. पहिला टप्पा कॅमेऱ्याच्या मऊपणाची भरपाई, दुसरा चित्रातल्या एखाद्या भागाकडे लक्ष वेधण्यासाठी, तिसरा छपाईसाठी. जोडचित्रात पहिला टप्पा प्रत्येक तुकड्याला वेगवेगळा करावा लागतो, आणि शेवटचा टप्पा फक्त एकदा, सर्व तुकडे एकत्र सपाट झाल्यावर, अंतिम मापावर. हा क्रम उलटला की घोटाळा होतो. वाड्याचे चित्र रॉ फाइलमधून आलेले असेल तर ते मुळात मऊ असते. फोन मात्र चित्र साठवण्यापूर्वीच स्वतःहून भरपूर शार्पनिंग करून मोकळा होतो. मुलीच्या केसांभोवती आणि परकराच्या काठाभोवती बारीक पांढरी झालर आधीच असते. त्यावर छपाईचे शार्पनिंग सरसकट चालवले की वाडा नीट दिसतो आणि मुलगी पत्र्यातून कापल्यासारखी दिसू लागते. फोनने दिलेली धार पूर्ण काढता येत नाही. म्हणून वाड्याला थोडी धार देऊन तो मुलीच्या जवळ आणावा, आणि मुलीच्या लेअरवर अगदी अर्ध्या पिक्सेलचा ब्लर देऊन ती वाड्याच्या जवळ आणावी. दोघे मध्ये कुठेतरी भेटले की पुढे जावे.

मास्कच्या कडांचे दुखणे मात्र जोडचित्राचे स्वतःचे आहे. मुलीचे छायाचित्र दिवसा, पांढऱ्या भिंतीसमोर काढले होते. मास्क काळजीपूर्वक केला तरी केसांच्या कडेला एका पिक्सेलइतकी भिंत शिल्लक राहते. पडद्यावर ती दिसत नाही. गडद आकाशासमोर ती उजळ कड असल्यामुळे शार्पनिंग तिला हेरते आणि एका पिक्सेलची फट तीन पिक्सेलची पांढरी रेघ होऊन कागदावर उतरते. यासाठी शार्पनिंगच्या आधी एक तपासणी करावी. सर्वांत वर `Curves` चा तात्पुरता लेअर ठेवून वक्र एकदम उभा करावा, म्हणजे गडद भागातले लहान फरक भडक दिसू लागतात. मास्कच्या कडा, आकाशातले पट्टे, कंदिलाच्या उजेडाचा तुटलेला परीघ, पुसायचे राहिलेले डाग, सगळे एका क्षणात समोर येते. भिंतीचा अवशेष दिसला तर मास्क एक पिक्सेल आत घ्यावा किंवा कडेवर आसपासच्या केसांचा रंग हलकेच भरावा. तपासणी झाली की तो लेअर काढून टाकायचा.

मग सपाट केलेल्या प्रतीवर, मापाला आणल्यानंतर, छपाईचे शार्पनिंग. हातात धरून पाहायच्या छपाईत झालर पाव मिलिमीटरच्या पुढे गेली की ती डोळ्यांना दिसू लागते. इंचाला 300 पिक्सेलमध्ये पाव मिलिमीटर म्हणजे तीन पिक्सेल. म्हणून `Radius` 1 ते 1.5 च्या दरम्यान, `Amount` 120 ते 150 आणि `Threshold` 3 किंवा 4 ही चांगली सुरुवात होय. हे काम वेगळ्या लेअरवर करून त्याची मिश्रणपद्धत `Luminosity` ठेवली, तर उजळपणाच तेवढा बदलतो आणि कडांना रंगीत झालर येत नाही. त्या लेअरला मास्क लावून आकाश आणि मुलीचे गाल वगळावेत. गुळगुळीत त्वचेला शार्पनिंगची गरज नसते आणि आकाशात दिलेला दाणा त्याने भडकतो. किती झाले ते कसे ओळखावे? नेहमीच्या मॉनिटरवर इंचाला साधारण 100 पिक्सेल असतात, त्यामुळे 100 टक्क्यांवर 300 ची फाइल छपाईच्या तिप्पट मोठी दिसते. तिथे चित्र थोडे कडक वाटायलाच हवे. तिथेच ते सुंदर दिसले तर छापल्यावर मऊ येईल. 50 टक्क्यांवर ते कुरकुरीत पण नैसर्गिक दिसावे.

राहिला रंग, आणि छपाईला दिलेल्या चित्रांबद्दलच्या बहुतेक तक्रारी रंगाच्याच असतात. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग घडवतो; ऑफसेट यंत्र निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर चढवून घडवते. फाइलमध्ये असतात ते नुसते आकडे. 255, 120, 0 हे तीन आकडे म्हणजे नारिंगी, पण नेमका कोणता नारिंगी, ते आकड्यांवरून कळत नाही. ते सांगते प्रोफाइल. कोणत्या आकड्यांना कोणता प्रत्यक्ष रंग म्हणायचे याचा तो कोश असतो. या कोशांचा एक समान साचा असावा म्हणून 1993 मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी आयसीसी ही संस्था स्थापन केली. म्हणूनच या फाइलींना आयसीसी प्रोफाइल म्हणतात.

मुखपृष्ठाच्या तीन तुकड्यांकडे तीन कोश आहेत. कॅमेऱ्याची रॉ फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये उघडली आहे. फोनचे चित्र डिस्प्ले पी-थ्री या प्रोफाइलमध्ये आहे. कंदिलाच्या फाइलला प्रोफाइलच नाही, कारण ती पुढे पाठवताना वाटेत कुठेतरी गळून गेले. आता मुलीच्या लाल परकराचे पी-थ्रीतले आकडे एसआरजीबीचे समजून वाचले गेले, तर परकर फिका दिसतो आणि काम करणारा सॅच्युरेशन वाढवत बसतो. त्याने त्वचाही लाल होते, मग ती सुधारण्यासाठी आणखी एक लेअर येतो. दुखणे कोशाचे आणि औषध रंगाला, असा हा प्रकार.

इथे दोन आज्ञांमधला फरक समजून घेणे आवश्यक आहे. `Assign Profile` आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते. `Convert to Profile` अर्थ तोच ठेवून आकडे बदलते. ज्या फाइलला प्रोफाइल नाही तिला पहिली आज्ञा लागते; कंदिलासारख्या आंतरजालावरून आलेल्या चित्राला बहुधा एसआरजीबी योग्य ठरते. ज्या फाइलला स्वतःचे प्रोफाइल आहे तिला दुसरी आज्ञा लागते. सर्व तुकडे असे एकाच कोशात, उदाहरणार्थ सोळा बिट अ‍ॅडोबी आरजीबीत, आणूनच जोडकाम करावे. एसआरजीबीपेक्षा अ‍ॅडोबी आरजीबी बरा, कारण शाईने छापता येणारे काही निळसर-हिरवे रंग एसआरजीबीच्या आवाक्यात नसतात.

यानंतर प्रेसला विचारायचे: कागद कोणता आणि प्रोफाइल कोणते? प्रोफाइल यंत्र, शाई आणि कागद या तिघांच्या जोडीचे असते, म्हणून आर्ट कार्डचे प्रोफाइल मॅपलिथोला चालत नाही. प्रेसने स्वतःचे प्रोफाइल दिले तर उत्तमच. नसेल तर आर्ट पेपरसाठी `ISO Coated v2` सारखे सर्वमान्य प्रोफाइल वापरायचे का हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. न विचारता पुढे गेले तर फोटोशॉप बहुधा `U.S. Web Coated (SWOP) v2` वापरते. ते अमेरिकेतल्या वेब ऑफसेट यंत्रांसाठी बनवलेले आहे. केवळ मूळ मांडणी कुणी बदलली नाही एवढ्यामुळे ते वापरले जाते.

प्रोफाइल हाती आले की चित्राचे रूपांतर न करता आधी त्याची पडद्यावरच चाचणी घ्यावी. `Proof Setup` मध्ये ते प्रोफाइल निवडून `Proof Colors` सुरू केले की चित्र कागदावर कसे उतरेल याचा अंदाज समोर येतो. पडदा फार उजळ ठेवलेला असेल तर हा अंदाज फसतो. मॉनिटर कॅलिब्रेट करून त्याची उजळता प्रति चौरस मीटर 100 ते 120 कँडेला ठेवावी. छापून काळे आले ही तक्रार बहुतेक वेळा डोळे दिपवणाऱ्या पडद्यामुळे असते.

दिवाळीच्या मुखपृष्ठात ही चाचणी दोन जागी दुखरी नस दाखवते. पहिली कंदील. पडद्यावरचा पेटता नारिंगी हा प्रकाश आहे. पिवळ्या आणि मॅजेंटा शाईला तेवढी झळाळी नाही. `Relative Colorimetric` या पद्धतीने रूपांतर केले तर आवाक्याबाहेरचे सगळे नारिंगी जवळच्या छापण्याजोग्या नारिंगीवर येऊन बसतात, आणि पिवळ्यापासून लालपर्यंतचा कंदिलाचा चढउतार सपाट होतो. `Perceptual` पद्धत सर्वच रंग थोडे आत ओढते. झळाळी कमी होते, पण चढउतार टिकतो. दोन्ही पाहून ठरवावे. दिव्याच्या बाबतीत दुसरी बहुधा बरी वाटते. कंदील पेटलेला दिसण्यासाठी त्याचा रंग भडक करून उपयोग नाही. भोवतीचे आकाश किंचित गडद आणि थंड केले की तोच नारिंगी उजळ वाटतो.

दुसरी जागा ते आकाश. गडद निळ्याचे शाईत रूपांतर होताना तो जांभळ्याकडे झुकतो, कारण सायनसोबत मॅजेंटा फार येते. निळा निळाच राहावा यासाठी मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी असावी असा छपाईतला जुना ठोकताळा आहे. सायन 100 असेल तर मॅजेंटा 70 च्या वर नको. ही दुरुस्ती चाचणी चालू ठेवून आरजीबी फाइलमध्येच निळ्याला थोडा हिरवट कल देऊन करावी, आणि रूपांतरानंतर आकडे वाचून खात्री करावी.

रूपांतराचा क्रम असा. लेअर असलेली मूळ फाइल जतन करावी. तिची प्रत सपाट करावी, मापाला आणावी, शार्पन करावी आणि मगच सीएमवायकेत न्यावी. सपाट करण्याची घाई कशाला असे वाटेल, पण जोडचित्रात ते टाळता येत नाही. कंदिलाचा उजेड `Screen` लेअरने आणि वाड्याच्या सावल्या `Multiply` लेअरने केलेल्या असतात. या पद्धती आकड्यांवर गणित करतात, आणि आकडे प्रकाशाऐवजी शाईचे झाले की त्याच गणिताचे उत्तर वेगळे येते. लेअर तसेच ठेवून रूपांतर केले तर उजेडाचा परीघ आणि सावल्यांची घनता दोन्ही बदलतात. शार्पनिंग रूपांतराच्या आधी करण्याचेही कारण आहे. सीएमवायकेत शार्पन केले तर गडद कडांवर चारही शाया वाढतात आणि शाईची एकूण मर्यादा ओलांडली जाते. आर्ट पेपरवर ही मर्यादा प्रोफाइलनुसार साधारण 300 ते 330 टक्के असते. वाड्याच्या दरवाज्यातल्या अंधारात `Info` पॅनेलमधला `Total Ink` हा आकडा 345 दाखवत असेल, तर शाई लवकर वाळणार नाही आणि ढिगातल्या वरच्या कागदाच्या पाठीवर डाग उमटतील. प्रेसच्या भाषेत त्याला सेट-ऑफ म्हणतात.

अंकाचे नाव आणि वर्ष या चित्रात कधीही मिसळू नये. चार शायांच्या गडद आकाशातून कोरलेल्या पांढऱ्या अक्षरांत एक प्लेट केसभर जरी सरकली तरी देवनागरीच्या बारीक मात्रा आणि अनुस्वार बुजतात. अक्षरे मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी, ठसठशीत वळणाची ठेवावीत.

तयार चित्र प्रोफाइल सोबत जोडून टिफ स्वरूपात द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि दाबली जाते. इतकी मेहनत केलेले 300 पिक्सेल तिथेच संपतात, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवावी. प्रूफ मागताना ते त्याच प्रोफाइलवर काढलेले असावे. कार्यालयातल्या लेझर प्रिंटरच्या कागदावरून रंग ठरवता येत नाही. प्रूफ पिवळ्या दिव्याखाली पाहू नये. छपाईसाठी 5000 केल्विनचा प्रमाण प्रकाश ठरलेला आहे. तो नसेल तर दिवसा खिडकीजवळ पाहावे. मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन होणार असेल तर गडद भाग थोडा फिकट आणि धुरकट दिसेल, हेही प्रेसशी आधी बोलून घ्यावे.

सीएमवायके फाइल त्या एका कागदापुरती असते. हेच मुखपृष्ठ मोबाइलवरच्या जाहिरातीसाठी लागले तर ते आरजीबीतल्या मूळ फाइलमधूनच पुन्हा काढावे. छपाईसाठी झालेली फाइल परत आरजीबीत नेली, तरी कंदिलाचा गेलेला नारिंगी परत येत नाही.